पडवीतला फळा

२०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या, त्यानंतरच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. डिचोली तालुक्यातली आमची सरकारी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथीचे वर्ग, दोन खोल्या आणि पुढे मंगळुरी कौलांची पडवी. पडवीच्या भिंतीवर परिपाठाचा फळा. वर वार, दिनांक, पटसंख्या आणि खाली सुविचार. चौथीची मुलं पाळीपाळीने कपाटातल्या जुन्या पुस्तिकेतून ओळ उतरवायची. त्या दिवशी ओळ होती, 'कष्ट करणाऱ्याला यश मिळतेच.' प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, एकाने खड्या आवाजात सुविचार वाचला आणि मुलं रांगेने वर्गात गेली. जेवणाच्या सुट्टीत तिसरीतली एक मुलगी हातात भाजीपाव घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. अंगाने बारीक, बोलायला सावकाश. म्हणाली, "टीचर, माजो बाबा सदांच कश्ट करता. मागीर ताका यश केन्ना मेळटलें?" म्हणजे बाबा तर नेहमीच कष्ट करतो, मग त्याला यश कधी मिळणार?

तिच्या बापाचा ट्रक दारात उभा होता. खनिज वाहण्यासाठी कर्ज काढून घेतलेला. खाण थांबली तसा ट्रक थांबला, आणि तो माणूस गवंड्याच्या हाताखाली चिरे उचलायला जाऊ लागला. म्हणजे कष्ट कमी झाले नव्हते, वाढलेच होते. मुलीने उद्धटपणे विचारलं नव्हतं. फळ्यावर लिहिलं आहे म्हणजे ते खरं असणार, तर मग तारीख कोणती, एवढंच तिला हवं होतं. मी तिला जवळ बसवून घेतलं, पाव संपेपर्यंत तिच्याशी इतर गोष्टी बोलले. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि घरीच राहिला.

त्या संध्याकाळी मी ती पुस्तिका पहिल्यापासून वाचून काढली.

शेकडो ओळी होत्या. यश, जीवन, ज्ञान, चारित्र्य, परिश्रम, संयम. बहुतेक ओळींत कसली ना कसली हमी दिलेली. असं करा म्हणजे तसं होईल. प्रामाणिक माणूस सुखी होतो, अभ्यास करणारा पुढे जातो, सत्याचा विजय होतो. मोठ्या माणसाला अशी वाक्यं चालतात, कारण तो ती वाचत नाही, नुसता त्यांच्याखालून जातो. आठ वर्षांचं मूल मात्र ती आपल्या घराला लावून बघतं, आणि घर त्या ओळीत बसलं नाही तर गप्प होतं. या मुलीने विचारलं, म्हणून कळलं. न विचारणारी किती असतील? दुसरी गोष्ट लक्षात आली ती अशी की या ओळी कोणत्याही दिवशी, कोणत्याही गावात लिहिता आल्या असत्या. बाहेर पागोळ्या धो धो वाहत असताना आत 'वृक्ष लावा' लिहिलेलं असायचं, आणि पुढच्या दिवशी 'वेळ अमूल्य आहे.' सोमवारच्या ओळीचा मंगळवारच्या ओळीशी काही संबंध नाही. मुलांनी त्या लक्षात ठेवाव्यात तरी कशाच्या आधारावर?

तेव्हापासून सत्राच्या सुरुवातीला वही घेऊन बसायची सवय लागली. आमचं पहिलं सत्र जूनच्या सुरुवातीला उघडतं ते दिवाळीच्या सुट्टीला संपतं. प्रत्येक आठवड्याला एक विषय आणि त्या विषयाच्या पाच ओळी. पण आधी फळ्याचं बोलायला हवं, कारण ओळ किती मोठी असावी हे विचाराने नाही, फळ्याने ठरतं.

आमचा फळा चार फूट रुंद, तीन फूट उंच. वरचा भाग तारखेत आणि पटसंख्येत जातो. शेवटच्या रांगेतलं मूल फळ्यापासून साधारण वीस फुटांवर उभं असतं. तीन इंचांचं अक्षर काढलं तर त्याला ते डोळे बारीक न करता दिसतं. त्या मापाने एका ओळीत चार शब्द मावतात आणि अशा तीन ओळी बसतात. आपल्या लिपीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत चांगली जागा सोडावी लागते, नाहीतर वरचा उकार खालच्या अनुस्वारावर येऊन बसतो आणि दुसरीचं मूल तिथेच अडखळतं. म्हणजे झाले बारा शब्द. पावसाळ्यात आणखी एक अडचण असते. भिंतीला ओल आली की फळाही गार आणि दमट होतो, आणि खडू ओढला तर उमटत नाही, नुसता घसरतो. आदल्या दिवशी दुपारी लिहून ठेवलेलं सकाळी पुसट झालेलं असतं. म्हणून लिहायचं सकाळीच. आधी जुन्या सुती कापडाने फळा घासून कोरडा करायचा, मग लिहायचं. लिहिताना अक्षर फिकट दिसतं, पाच-दहा मिनिटांत सुकलं की पांढरं होऊन वर येतं. ते न कळल्यामुळे काहीजण त्याच अक्षरावरून पुन्हा पुन्हा खडू फिरवतात आणि मग सुकल्यावर सगळं जाड, बरबटलेलं दिसतं.

आणि रांगेत चार वर्ग असतात. जूनमध्ये पहिलीच्या मुलांना अक्षरओळख नुकती सुरू झालेली असते, दुसरीची मुलं जोडाक्षराशी थांबतात, चौथीची सगळं वाचतात. एकच ओळ या सगळ्यांची कशी व्हायची? त्यावर मी एक उपाय धरला आहे. ओळीत एक तरी शब्द असा असावा, जो पहिलीचं मूल वाचू शकेल. घर, नळ, मग, हात, काम, ताट. तो शब्द पिवळ्या खडूने लिहायचा. परिपाठात आधी पहिलीचं मूल पुढे येऊन तो एक शब्द बोटाने दाखवून वाचतं आणि नंतर मोठं मूल पूर्ण ओळ वाचतं. पहिलीच्या मुलाला वाटतं, फळ्यावरचं मला येतं. हे बघायला मिळावं म्हणून मी विषय थोडा वळवूनही घेते. सुंदर पण अवघड शब्द समोर आला तर तो सोडून देते आणि साधा घेते.

वाचण्याची रीतसुद्धा बदलावी लागली. शाळाशाळांत सुविचार एकाच सुरात वाचला जातो. तुम्हीही लहानपणी ऐकला असेल, शेवटच्या शब्दावर आवाज वर चढवून सोडून द्यायचा. तो सूर लागला की समजावं, अर्थ कोणाच्या डोक्यात गेलेला नाही. आता एक मूल वाचतं. मग सगळे थोडं थांबतात. मग मी दुसऱ्या कोणालातरी विचारते, "घरी जाऊन आईला हे कसं सांगशील?" ते मूल कोकणीत सांगतं, अडखळत सांगतं, कधी भलतंच सांगतं. फळ्यावर मराठी, तोंडात कोकणी, आणि दोघींमधून ओळ पार होते की नाही ते तिथेच दिसतं. सांगताना मूल तेच शब्द मराठीत परत म्हणू लागलं, तर ओळ लागलेली नाही. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं जातात. मधल्या सुट्टीत मी एखाद्याला सहज विचारून घेते, सकाळी काय होतं रे फळ्यावर? ओळ शब्दशः आठवली नाही तरी चालेल. पण 'काहीतरी चांगलं होतं' असं उत्तर आलं की वहीत त्या ओळीपुढे फुली पडते.

जूनचा पहिला आठवडा नावांचा असतो, ओळखीचा. तो लवकर उरकतो. दुसरा पावसाचा.

पावसाच्या आठवड्यात मी जुनी म्हण घेते, थेंबे थेंबे तळे साचे. हिच्याविषयी मला फार माया आहे, कारण ती मुलांना तपासून बघता येते. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. एका वर्षी मुसळधार पाऊस नव्हता, नुसती भुरभुर होती. कौलाच्या टोकाला एक थेंब जमायचा, लोंबायचा आणि पडायचा. परिपाठानंतर आम्ही त्याच्याखाली स्टीलचा पेला ठेवला. मुलं उकिडवी बसून बघत राहिली. एक थेंब पडला की पेल्यातून टण्ण असा आवाज, तळाशी पाणी साचलं तसा तो आवाज मऊ होत गेला, मग नुसता टप. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पेला काठोकाठ भरला होता आणि पुढचा थेंब बाहेर ओघळला. एक मुलगा म्हणाला, "आतां तळें जावंक व्हड पेलो जाय." म्हणजे तळं व्हायला मोठा पेला हवा. त्याचं बरोबर होतं. थेंबाइतकंच भांडंही लागतं, हे त्या म्हणीत लिहिलेलं नाही, पण त्याने त्यातूनच काढलं. याच विषयाला जोडून पुढे २४ जूनला सांजांवचा सण येतो. डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात, मुलांनी ते पाहिलेलं असतं. त्यासाठी ओळ आहे, 'विहीर उडी मारणाऱ्याची, तशीच पाणी भरणाऱ्याची.' यात चौथीच्या मुलांनी वाद घातला होता की उडी मारल्यावर पाणी गढूळ होतं त्याचं काय. वाद झाला की ती ओळ मी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवते.

१८ जूनला गोवा क्रांती दिन. या दिवशी शाळांच्या फळ्यांवर स्वातंत्र्य, बलिदान, त्याग असे भरदार शब्द येतात. लहान मुलांना त्यागाचं काय कळणार? पण त्यांना परवानगीचं कळतं. पाणी प्यायला जाऊ? बाहेर जाऊ? दिवसभर तेच चालतं. १९४६ साली मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभा बोलावली, तेव्हा पोर्तुगीज राजवटीत सभा घ्यायलासुद्धा सरकारची परवानगी लागायची. लोहियांनी ती न घेता बोलायला सुरुवात केली आणि त्यांना पकडलं. एवढी घटना मी तोंडी सांगते आणि फळ्यावर लिहिते, 'पटत नसेल तर मोठ्यांनाही शांतपणे सांगावं.' ही ओळ लिहिताना एक काळजी घ्यावी लागते. त्या दिवशी खरंच कोणी येऊन सांगितलं, टीचर मला हे पटत नाही, तर ऐकून घ्यायची तयारी हवी. नाहीतर ओळ लिहूच नये.

जुलैत रोपणी. गावात माणसं गुडघाभर चिखलात आणि मुलंही अधूनमधून घरी राहिलेली. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला चिखलकाला होतो, तोही याच दिवसांत. हाच आमचा कामाचा आठवडा, आणि तो मी त्या मुलीच्या प्रश्नासाठी बांधला. पहिल्यांदा बांधायला बरेच दिवस गेले. 'कष्ट' या शब्दाभोवतीच फिरत होते आणि प्रत्येक ओळीत कुठून तरी हमी शिरत होती. मग ठरवलं की या आठवड्यात कामाचं फळ काय मिळतं हे सांगायचंच नाही. काम आधी दिसू दे. सोमवारी नुसता प्रश्न लिहिला, 'आज तुमच्याआधी घरात कोण उठलं होतं?' पहिलीच्या मुलासाठी 'घरात' पिवळ्या खडूने. उत्तरं आली ती बहुतेक आईची, आजीची, एका मुलाच्या घरी दूध काढणाऱ्या काकाची. एका मुलीने सांगितलं, आमगेर कोंबो, म्हणजे आमच्याकडे कोंबडा. सगळे हसले आणि तेही उत्तर धरलं.

मंगळवारी, 'आजच्या ताटाला किती जणांचे हात लागले, मोजा.' पिवळा शब्द एकच, हात, कारण त्या वर्षीच्या पहिलीला हात वाचता येत होतं आणि ताट अजून नाही. हे मोजणं जेवणाच्या सुट्टीत झालं. समोर नेहमीचा भाजीपाव. भाजी महिला गटातल्या बायकांनी केलेली, म्हणून त्या. पाव पोदेराचा, म्हणून तो. मग कोणीतरी विचारलं, पोदेराला पीठ कोण देतो? दुकानदार. टोमॅटो कुठले? बेळगावचे, असं भाजीवाल्याच्या घरच्या मुलाला ठाऊक होतं. मग ते चोर्ल्याच्या घाटातून कोणी आणले? ट्रकवाल्याने. टोमॅटो लावले कोणी? गॅसचं सिलिंडर? गटाच्या बायकांचं सामान पोचवणारा रिक्षावाला? दोन्ही हातांची बोटं संपली, शेजाऱ्याची बोटं उधार घेतली. 'ट्रकवाला' शब्द आला तेव्हा ट्रक दारात उभा असलेल्या तीन-चार घरांतली मुलं एकमेकांकडे बघत होती.

बुधवारची ओळ करण्याची होती. 'दमून आलेल्याला आधी पाणी द्यावं, मग विचारावं.' ही सगळ्यांत जास्त घरी पोचली. आया नंतर सांगत होत्या की पोर दारात तांब्या घेऊन उभं असतं. अशा ओळीचं मूल्य मला फार वाटतं, कारण ती त्याच संध्याकाळी पाळता येते आणि पाळली की नाही ते मुलाला स्वतःला कळतं. 'मोठ्यांचा आदर करा' या ओळीचं तसं नाही. आदर केला की नाही, हे मूल कशावरून ठरवणार?

गुरुवारी लिहिलं, 'काम थांबलं म्हणून माणूस कमी होत नाही.'

ही ओळ लिहिताना माझा हात जड झाला होता. पहिल्यांदा ती 'काम गेलं तरी हिंमत हरू नये' अशी होती. पण हिंमत हरली तर? हरलेल्याला आणखी एक दोष कशाला लावायचा? मग 'काम गेलं' खोडून 'थांबलं' केलं, कारण गावात सगळे तसंच म्हणत होते, खाण थांबली, ट्रक थांबला. परिपाठात मी नेहमीसारखं विचारलं, घरी कसं सांगशील. एक मुलगा म्हणाला, आमच्या ट्रकाखाली आता मांजर व्याली आहे. दुसरा म्हणाला, माझा पप्पा आता शाळेत सोडायला येतो, आधी येत नव्हता. ती मुलगी काही बोलली नाही. तिने वहीत ओळ उतरवून घेतली, खाली पट्टीने रेघ मारली आणि दप्तर बंद केलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर या ओळीत नव्हतंच, मी तसं मानतही नाही. बापाला यश कधी मिळणार, हे तिला फळा सांगू शकत नाही. पण फळ्याने तिच्या बापाविरुद्ध साक्ष देऊ नये, एवढं तर आपल्या हातात असतं.

शुक्रवारी मुलांच्या ओळी. आठवड्याचा शेवटचा दिवस नेहमी त्यांचाच असतो. पाचातली ही जागा मी आधीपासून रिकामी ठेवते. त्या आठवड्याची चौथीतल्या एका मुलाची ओळ होती, 'रोप लावताना मागे मागे जायचं, तरी शेत पुढे जातं.' तो आजीबरोबर चिखलात उतरला होता. रोपणी करणारा खरंच मागे सरकत जातो आणि पुढे हिरवं होत जातं. कोणत्याही पुस्तिकेत ही ओळ मिळाली नसती.

ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाचा आठवडा, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. पुढे चतुर्थी. बाजारात मिळणाऱ्या तयार यादीचा इथे घोळ होतो. ५ सप्टेंबरला शिक्षकदिनाची ओळ छापलेली असते आणि आमच्याकडे काही वर्षी तेव्हा चतुर्थीची सुट्टी सुरू झालेली असते. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. म्हणून मी वहीत दोन प्रकारचे आठवडे ठेवते. काही तारखेला बांधलेले, जसा क्रांती दिन, आणि काही मोकळे, जे ऋतूप्रमाणे किंवा सणाप्रमाणे पुढे-मागे सरकवता येतात. झाडांचा आठवडा मोकळा. तो चतुर्थीच्या आधी लावायचा, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला घरची माणसं रानात जाऊ लागतात तेव्हा. नारळ, चिबूड, तोरिंग, आंबाडे, सुपारीचे घोस, रानातली कांगलां, सगळी नावं मुलांना तोंडपाठ असतात आणि माझ्यापेक्षा जास्त येतात. ओळ असते, 'फळ काढा, फांदी मोडू नका.' हा आठवडा मी गणपतीचा न करता झाडांचा करते. रांगेत ख्रिस्ती आणि मुसलमान मुलंही उभी असतात आणि रान त्यांच्याही घरामागे तेच आहे.

सप्टेंबरच्या शेवटी खरेपणाचा आठवडा येतो आणि तिथे नावांचा प्रश्न उभा राहतो. मोबाइलवर रोज सकाळी थोर माणसांच्या फोटोखाली वाक्यं येतात. ती त्यांचीच आहेत का, हे कोणी बघत नाही. 'जगात जो बदल बघायचा आहे तो स्वतः व्हा' हे वाक्य गांधीजींच्या नावावर सगळीकडे लिहिलं जातं, पण त्या शब्दांत ते त्यांच्या लिखाणात सापडत नाही. 'उठा, जागे व्हा' ही हाक विवेकानंदांनी घराघरांत पोचवली, पण मूळ शब्द कठोपनिषदातले आहेत. खरेपणाच्या आठवड्यातच खोटी सही कशी करायची? म्हणून माझा नियम साधा आहे. कुठे लिहिलं, केव्हा म्हटलं हे स्वतः बघितलेलं नसेल तर ओळीखाली नाव नाही, आणि नावाशिवाय ओळ उभी राहत नसेल तर ती ओळच नाही.

त्याऐवजी घडलेला प्रसंग घ्यावा. गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे की राजकोटच्या हायस्कुलात पहिल्याच वर्षी इन्स्पेक्टर तपासणीला आले आणि त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहायला दिले. त्यातल्या 'केटल' या शब्दाचं स्पेलिंग मोहनचं चुकलं. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावलं, शेजाऱ्याच्या पाटीवर बघ. पण मास्तर नक्कल करायला सांगतील हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. सगळ्या मुलांचे पाचही शब्द बरोबर, याचा एकट्याचा एक चूक. हे सांगितल्यावर मुलं पहिल्यांदा मास्तरांवर रागावतात. 'टीचरने असं कसं सांगितलं?' मग फळ्यावरची ओळ वाचतात, 'बघून लिहिलेलं उत्तर बरोबर असलं, तरी माझं नसतं.' एका मुलीने विचारलं होतं, पण शाळेला कमी गुण मिळाले असते तर? मी म्हटलं, मिळाले असते. तिने थोडा विचार करून मान हलवली. पटलं असं नाही, पण तिला ते खरं वाटलं.

ऑक्टोबरात भात पिवळं होतं आणि शाळेत परीक्षा. या आठवड्यात मी विचार-बिचार काही लिहीत नाही. मुलांची पोटं आधीच दुखत असतात. 'प्रश्न दोनदा वाच, मग पेन्सिल उचल.' 'येत नाही ते सोड, पुढचं बघ.' 'पेन्सिलीला टोक काढलंस का?' बस, एवढंच. यश, गुण, पहिला नंबर हे शब्द त्या दिवसांत फळ्यावर येऊ नयेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

सत्राच्या शेवटी वहीत फुल्या किती आणि राखून ठेवलेल्या किती ते बघते. फुल्याच जास्त असतात. राहिलेल्या ओळींमध्ये बऱ्याच शुक्रवारच्या असतात. 'छत्री एक असली तर दोघांनी बारीक व्हावं.' 'भांडण झालं तर आधी चप्पल शोधावी, मग घरी जावं.' ही दुसरी मला पहिल्यांदा कळली नव्हती. लिहिणाऱ्याने समजावलं की भांडणात चप्पल निघून पडते, शोधायला थांबलं की भांडणारा तिथेच असतो आणि तोच शोधून देतो.

मागच्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका शाळेत नव्याने लागलेल्या बाईंचा फोन आला. "ताई, तुमची यादी पाठवाल का? मला रोज सुचत नाही." मी वहीची पानं फोटो काढून पाठवली. आठवडाभराने त्यांचा पुन्हा फोन. कामाचा आठवडा जुलैत आहे, पण त्यांच्या गावात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांखाली ठेवलेल्या, बापमाणसं घरी जाळी विणत बसलेली. सोमवारचा प्रश्न लिहिला तर निम्मी मुलं म्हणाली, कोणीच उठलं नव्हतं. आता काय करू? मी म्हटलं, गुरुवारची ओळ पुढे घ्या, 'काम थांबलं म्हणून माणूस कमी होत नाही', ती तुमच्याकडे जुलैतच शोभेल. आणि सोमवारची ठेवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यासाठी. त्या थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, "पण तेव्हा 'घरात कोण उठलं' असं नको ना, ताई? तेव्हा बाबा घरात नसणारच. 'पहाटे दर्यावर कोण गेलं?' असं लिहू?"

मी म्हटलं, लिहा. आणि पहिलीच्या मुलांना दर्या वाचता येणार नाही, त्यांच्यासाठी कोण पिवळं करा.